वापरलेली स्पोर्ट्स बाईक घेताना फेअरिंगच्या आत काय पाहिले : माझा अनुभव

पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक आहेत, परंतु फेअरिंगवाली, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाची, पाण्याने थंड होणारी स्पोर्ट्स बाईक बिघडली तर ती पिकअपमध्ये टाकून नागपूरला किंवा अमरावतीला न्यावी लागते. त्यामुळे केटीएमची जुनी आरसी ३९० घ्यायचे ठरवले तेव्हा ती चालवून कशी वाटते यापेक्षा तिचे आजवर काय झाले आहे, हे कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटत होते. गावातले आमचे बंडूभाऊ यांनी नागपूरला एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षे काम केले असल्याने त्यांना सोबत घेतले.

पहिली गाडी नागपुरात पाहिली. २०१९ चे मॉडेल, मीटरवर अकरा हजार किलोमीटर आणि प्लास्टिकवर एक ओरखडा नाही. विक्रेता दुसरा मालक होता आणि पहिला मालक चेन्नईचा असल्याचे त्याने सांगितले. मोटारसायकलींच्या शर्यतींचे दोन जुने ट्रॅक तमिळनाडूत आहेत, एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि दुसरा कोईमतूरला. चेन्नईचा प्रत्येक मालक ट्रॅकवर जातो असे अर्थातच नाही, तरीही ही शक्यता मनात ठेवून गाडी पाहायची, असे आम्ही ठरवले.

मी फेअरिंगवरून हात फिरवत होतो तेव्हा बंडूभाऊ खाली बसत म्हणाले, "प्लास्टिक काय पाहून राहिले भाऊ, खालचे बोल्ट पाहा." ट्रॅकवर गाडी नेणारा माणूस बहुधा कंपनीचे प्लास्टिक काढून घरी ठेवतो आणि त्याजागी स्वस्तातले फायबरचे फेअरिंग लावतो. गाडी कितीही वेळा पडली तरी मूळ प्लास्टिक घरी सुरक्षित असते आणि विकताना ते परत चढवले जाते. म्हणूनच पाच वर्षांच्या गाडीचे प्लास्टिक अगदी नवे दिसत असेल आणि त्याच गाडीच्या फुटरेस्टची, हँडलच्या टोकाची किंवा मागच्या एक्सलच्या नटाची कड घासलेली असेल, तर त्या विसंगतीचे कारण शोधलेच पाहिजे. या गाडीत उजव्या फुटरेस्टखाली जमिनीला आधी टेकणारी जी लहान खुंटी असते ती नव्हती आणि फुटरेस्टचे टोक तिरके घासलेले होते. रस्त्यावर गाडी पडल्यास ओरखडे वेडेवाकडे येतात; वळणात गाडी खूप झुकवून फुटरेस्ट पुन्हापुन्हा घासला तर टोक असे एकाच कोनात, गुळगुळीत झिजते.

त्याहून स्पष्ट खूण इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टवर सापडली. बोल्टच्या डोक्यात आडवे, जेमतेम दीड मिलिमीटरचे भोक पाडलेले होते आणि ऑइल फिल्टरच्या झाकणाच्या एका बोल्टलाही तसेच भोक होते. शर्यतीत बोल्ट सुटून तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून अशा भोकांतून बारीक तार ओवून बोल्ट बांधून ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीला याची गरज नसते. तार काढता येते, भोक बुजवता येत नाही. आणि बोल्टची किंमत किरकोळ असूनही ते बदलण्याचे विकणाऱ्याला सहसा सुचत नाही. मग हेडलाइटच्या कडेला मोबाइलचा उजेड तिरका मारून पाहिला, तेव्हा चिकटपट्टीच्या गोंदाची धूसर रेघ दिसली. ट्रॅकवर पडल्यास काचेचे तुकडे पसरू नयेत म्हणून दिव्यांवर पट्टी लावतात.

यानंतर साइड स्टँडची परीक्षा घेतली. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून, साइड स्टँड खाली ठेवून आणि क्लच दाबून पहिला गिअर टाकल्यावर इंजिन बंद पडले पाहिजे. ते सुरूच राहिले. ट्रॅकवर जाताना साइड स्टँड काढून टाकतात आणि त्याच्या स्विचच्या वायरी एकमेकींना जोडून देतात. पुढे स्टँड परत बसवला जातो, परंतु वायरी तशाच राहतात. स्विच नुसता खराब झाला असण्याचीही शक्यता होती, म्हणून सीटखालची वायरिंग पाहिली, तर काळ्या टेपखाली दोन वायरी पिळून जोडलेल्या सापडल्या.

एवढ्यावरून गाडी नाकारावी, असे माझे मत नव्हते आणि आजही नाही. ट्रॅकवर जाणारा शिस्तीचा माणूस तेल आणि ब्रेक पॅड रस्त्यावरच्या मालकापेक्षा लवकर बदलतो. खरे प्रश्न दोनच होते, गाडी पडली असेल तर सांगाड्याला काय झाले आणि ट्रॅकसाठी केलेले बदल परत नीट केले का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रेडिएटरमध्ये मिळाले. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडायचे, कारण गरम असताना आतले पाणी दाबाने अंगावर येते. आत रंगीत कूलंट नव्हते, तर गढूळ, तांबूस पाणी होते आणि झाकणाच्या रबरावर पांढरा थर बसलेला होता. कूलंटमधील ग्लायकॉल ट्रॅकवर सांडले तर डांबर निसरडे होते आणि लवकर वाळतही नाही, म्हणून ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी साधे पाणी भरायला लावतात. ते तेवढ्यापुरते ठीक असते. पण गाडी रस्त्यावर आल्यावरही तेच पाणी राहिले, तर गंज रोखणारी रसायने नसल्याने वॉटर पंप आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून खराब होऊ लागतात. शिवाय साधे पाणी कूलंटपेक्षा लवकर उकळते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना ही फार मोठी उणीव आहे.

पहिल्या प्रश्नासाठी हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवले. जिथे हँडल थांबते तिथे शॉकअप धरणाऱ्या खालच्या टी-वर आणि फ्रेमवर एकमेकांना टेकणारे छोटे थांबे असतात. गाडी वेगात पडून पुढचे चाक झटक्याने फिरले की सगळा मार त्या थांब्यांवर बसतो. उजव्या बाजूचा थांबा चेपलेला होता आणि त्याच्या शेजारी फ्रेमच्या नारिंगी रंगाला केसाएवढी भेग होती. एवढ्यावरून फ्रेम वाकली असे सिद्ध होत नाही, म्हणून बंडूभाऊंनी पिशवीतून गवंड्याची लाइनदोरी काढली.

ही दोरीची तपासणी कोणालाही करता येते, फक्त गाडी साइड स्टँडवर न झुकवता मागचे चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर सरळ उभी हवी. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या पाठीमागे ठेवून दोन्ही टोके दोन्ही बाजूंनी पुढे न्यायची, आणि ती मागच्या टायरच्या मागील व पुढील कडेला जेमतेम टेकतील अशी ताणून धरायची. सायलेन्सर किंवा स्टँड मध्ये येणार नाही अशी उंची निवडावी लागते. या गाडीचा मागचा टायर १५० आणि पुढचा ११० मिलिमीटर रुंदीचा असल्याने पुढचे चाक सरळ धरले की टायर आणि दोरी यांच्यात दोन्ही बाजूंना साधारण २० मिलिमीटर अंतर राहायला हवे. टायरच्या बनावटीप्रमाणे आकडा थोडा बदलतो, परंतु दोन्ही बाजू सारख्याच हव्यात. आमच्या पट्टीवर डावीकडे २७ आणि उजवीकडे १३ भरले. मागचे चाक तिरके बसले असेल म्हणून चेन ॲडजस्टरच्या खुणा तपासल्या, त्या दोन्हीकडे सारख्या होत्या. चाकाचे स्पेसर उलटे बसले असतील, मागचे चाक धरणारा चिमटा वाकला असेल किंवा फ्रेम वाकली असेल. यातले नेमके कोणते, हे गाडी खोलल्याशिवाय सांगता येत नाही, पण चेपलेला थांबा आणि रंगाची भेग सोबत धरल्यावर ती जोखीम घेण्यात अर्थ नव्हता.

आम्ही हे दाखवल्यावर विक्रेत्याने विम्याची पॉलिसी पुढे केली, कारण तिच्यावर २० टक्के नो क्लेम बोनस होता. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्यानेही ही गाडी प्लास्टिक पाहूनच घेतली असावी. परंतु हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे २० टक्क्यांवरून त्याच्या स्वतःच्या एका वर्षात दावा झाला नाही इतकेच कळते. शिवाय शर्यतीत झालेले नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बसतच नाही, म्हणून ट्रॅकवरच्या अपघाताची विम्यात नोंद सापडण्याची अपेक्षाच करू नये.

मी शेवटी त्यानंतर अमरावतीत पाहिलेली दुसरी गाडी घेतली आणि ती दिसायला पहिलीपेक्षा कितीतरी वाईट होती. डाव्या फेअरिंगवर आडवे खरचटलेले, क्लच लिव्हरचे टोक तुटलेले. उभ्या जागी पडल्याची ही लक्षणे होती, कारण स्टीअरिंगच्या दोन्ही थांब्यांवरचा मूळ रंग शाबूत होता आणि दोरीवर दोन्हीकडचे अंतर सारखे आले. पुढचा ब्रेक लावून शॉकअप दाबून सोडल्यावर पाइपवर तेलाचा ओलावा आला नाही. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवले असता मध्यावर ते कुठे अडकलेही नाही.

इथे दोष देखभालीचा होता. सर्व्हिसची बिले दोन वर्षांपूर्वी थांबली होती. ब्रेक ऑइल चहासारखे काळपट झालेले, एअर फिल्टर धुळीने भरलेला, आणि मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढली तर दाताचा अर्धा भाग दिसत होता, म्हणजे चेन ताणलेली होती. हे सगळे पैसे देऊन बदलता येते. तेल वेळेवर न बदलल्याने इंजिनच्या आत झालेली झीज मात्र बाहेरून दिसत नाही, म्हणून विसार देण्यापूर्वी माझ्या खर्चाने अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कम्प्रेशन आणि व्हॉल्व्हची फट तपासून घेण्याची अट मी घातली. विक्रेत्याने ती लगेच मान्य केली, यामुळेही विश्वास वाढला. कम्प्रेशन ठरलेल्या मर्यादेत आले. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट कमी भरली, तिथे फट जुळवणारी चकती, म्हणजे शिम, नवी बसवली. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत गेला की फट वाढत नाही, उलट कमी होते आणि त्यामुळे आवाजही येत नाही. म्हणूनच ‘इंजिन शांत आहे’ या शब्दावर मी विसंबणार नव्हतो.

चेन-स्प्रॉकेट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, कूलंट आणि बनवल्याचा आठवडा व वर्ष सांगणाऱ्या चार अंकी खुणेनुसार सहा वर्षांचा निघालेला मागचा टायर यांच्या किमती लिहून यादी समोर ठेवली आणि बावीस हजार रुपये कमी करून व्यवहार ठरला. विक्रेत्याचे गाडीवरचे कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच उरलेली रक्कम दिली, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर तिथेच सह्या घेतल्या, आणि नव्या चेनसाठी व टायरसाठी गाडी अमरावतीलाच ठेवून आम्ही एसटीने परतलो.