आयडी फॅनची मोटर आणि ०.९ मेगोहम

ऑक्टोबरात साखर कारखान्यात ड्राइव्ह चालू करायला जायचं म्हणजे घाई ठरलेली. बॉयलरचं अग्निप्रदीपन जवळ आलेलं असतं, पूजेची तारीख चेअरमनसाहेबांनी आधीच जाहीर केलेली असते, आणि मिस्त्रीपासून चीफ इंजिनिअरपर्यंत सगळे एकच विचारतात, "कधी फिरवताय?" कोल्हापूरकडच्या त्या कारखान्यात मी गेलो होतो ते बॉयलरच्या आयडी फॅनसाठी, म्हणजे बॉयलरमधला धूर ओढून चिमणीत सोडणाऱ्या पंख्यासाठी. १३२ किलोवॅटची, ४१५ व्होल्टची मोटर. इतकी वर्षं स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालायची आणि हवा डॅम्परने कमी-जास्त करायची. आता स्टार्टरच्या जागी नवा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला होता. मोटर जुनी, केबलही जुनीच. पॅनेलपासून मोटरपर्यंत ट्रेंचमधून साधारण १८० मीटर अंतर, आणि ट्रेंचमध्ये पावसाळ्याचं पाणी अजून पूर्ण ओसरलेलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा कारखान्याचे जुने वायरमन, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, इन्सुलेशनचा रोध मोजणारा हँड मेगर घेऊन ड्राइव्हच्या पॅनेलसमोर बसलेच होते. मोटरची केबल ड्राइव्हच्या यू-व्ही-डब्ल्यू टर्मिनलला लावलेली होती आणि क्लिप तिथेच लावायचा त्यांचा बेत होता. म्हटलं, "तात्या, थांबा. आधी केबलच्या टोकाचे लग काढू." त्यांचं म्हणणं, एवढ्या जाड लगचे बोल्ट परत कोण आवळणार? पण मेगरचे ५०० व्होल्ट डीसी त्या टर्मिनलवर टाकले की ते ड्राइव्हच्या आतल्या आयजीबीटी या इलेक्ट्रॉनिक स्विचपर्यंत आणि डीसी बसपर्यंत पोचतात. ड्राइव्ह लगेच जळाला तर निदान कळतं तरी. अर्धवट मार बसलेलं आयजीबीटी महिनाभर चालून मग जातं, आणि तेव्हा मेगरची आठवण कुणालाही होत नाही. ड्राइव्हच्या इनपुटचंही तसंच. तिथे सर्ज शोषणारे व्हॅरिस्टर आणि फिल्टरचे कपॅसिटर अर्थला बांधलेले असतात, त्यामुळे रीडिंग खोटं येतं आणि ते भागही दुखावतात.

लग काढले, तिन्ही कोर एकत्र बांधले आणि अर्थविरुद्ध मोजलं. मोटर आणि केबल दोन्ही मिळून ०.९ मेगोहम.

तात्या म्हणाले, "एक मेगोहमला आलंय की. चालतंय. गेल्या सीझनला बी एवढंच होतं." असा हिशेब बऱ्याच ठिकाणी चालतो. जुन्या मोटरींसाठी मोटरचे किलोव्होल्ट अधिक एक, इतके मेगोहम असा नियम होता. त्या नियमानेही इथे १.४ हवं. हल्लीच्या लो व्होल्टेज वाइंडिंगसाठी आयईईई ४३ या मानकात किमान ५ मेगोहम सांगितलंय, आणि तेही वाइंडिंग ४० अंशांवर धरून. एक गोष्ट मात्र तात्यांच्या बाजूने मान्य करायला हवी, ती म्हणजे ०.९ मेगोहमवर ड्राइव्ह ट्रिप होत नाही. डीसी बसचे ५८७ व्होल्ट धरले तर गळती मिलिअँपियरसुद्धा भरत नाही आणि ड्राइव्हचं अर्थ फॉल्ट संरक्षण त्याच्या कितीतरी पट जास्त करंट बघतं. म्हणून मोटर फिरली म्हणजे इन्सुलेशन ठीक, हे इथे लागू होत नाही. प्रश्न असतो तो गळती कुठून होते आणि पुढे तिचं काय होणार याचा.

एकत्र रीडिंगवरून ते कळत नाही, म्हणून मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. दाराचं गॅस्केट अर्धं गायब. आयडी फॅन बॉयलरच्या मागे, चिमणीकडे असतो, त्यामुळे बॉक्सच्या तळाशी राख आणि बगॅसची धूळ दमटपणाने थापली गेली होती. केबल सोडवली. तापमान मोजणाऱ्या पीटी-१०० सेन्सरच्या तारा कंट्रोल केबलपासून सोडवून एकमेकांना जोडून अर्थ केल्या, आणि मोटर वेगळी, केबल वेगळी मोजली. मोटर एक मिनिटाला १४ मेगोहम. केबलचा आर कोर आणि वाय कोर आर्मरविरुद्ध २०० मेगोहमच्या वर. बी कोर ०.९६.

इलेक्ट्रिकलचे साहेब तिथेच होते. त्यांनी डोक्याला हात लावला. "ट्रेंचमध्ये केबल गेली. आता १८० मीटर केबल कुठून आणू?" फोन काढून ते स्टोअरला विचारायलाही लागले.

मला मात्र त्या रीडिंगची चाल पटत नव्हती. मेगरचा आकडा डुलत होता, ०.९, १.१, परत ०.९, स्थिर होत नव्हता. ट्रेंचमध्ये कोर चिरून आत पाणी गेलेलं असलं तरी आकडा खाली येतो, हे खरं. पण टोकाला वरवर ओल असली की असा नाचतो. हे वेगळं करायला मेगरवर तिसरा टर्मिनल असतो, गार्डचा. तात्यांच्या मेगरवरही तो होता, त्यावर धुळीचा थर होता, म्हणजे कुणी वापरलेला नसावा.

मी मोटरच्या बाजूनेच मोजायचं ठरवलं, कारण घाण तिथे होती. पॅनेलकडचं टोक स्वच्छ होतं, ते नुसतं मोकळं लटकवून ठेवलं. लाइनची क्लिप बी कोरच्या लगला, अर्थची आर्मरच्या ग्लँडला. मग उघड्या तांब्याची बारीक तार घेतली आणि लग जिथे संपतो आणि कोर बाकीच्या दोन कोरांना जिथे मिळतो, त्या मधल्या भागात बी कोरच्या इन्सुलेशनवर तीन वेढे घट्ट आवळले. ती तार गार्डला. यातली गंमत अशी की, लगवरून इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून सरपटत ग्लँडकडे जाणारा करंट त्या तारेत अडतो आणि मीटरच्या हिशेबात न येता परत जातो. मीटर मोजतो ते फक्त इन्सुलेशनच्या आतून गेलेलं.

माझ्या मेगरचं बटण दाबलं. आकडा हळूहळू चढत गेला, कारण एवढी लांब केबल आधी कपॅसिटरसारखी भरते, आणि ६०० मेगोहमच्या आसपास स्थिर झाला. डुलणं बंद.

साहेबांनी फोन ठेवला. केबल शाबूत होती. बी फेजचा लग दाराच्या फटीच्या बाजूला होता आणि दमट राख त्याच कोरच्या बुडात जास्त साचली होती, गळती एवढीच. अशीच ठेवली असती तर ०.९ मेगोहमनेच सीझनभर काढला असता असंही नाही. राखेत न जळलेला कार्बन असतो. त्यावरून करंट सरपटत राहिला की पृष्ठभाग जळत काळी वाट पडते आणि मग एके दिवशी फेजकडून बॉडीकडे सरळ ठिणगी. कापडाने साफ केलं, हॉट एअर ब्लोअरने सुकवलं, तिन्ही कोरांवर नव्या हीट श्रिंक स्लीव्ह चढवल्या आणि गॅस्केट नवं लावलं. गार्ड न लावताही बी कोर आता बाकी दोघांच्या पंगतीला आला.

राहिली मोटर. १४ मेगोहम, वाइंडिंगचं तापमान ३० अंश. इन्सुलेशनचा रोध दर १० अंश वाढीला साधारण निम्मा होतो, म्हणून ४० अंशांवरचा आकडा ७ धरायचा. ५ च्या वर, म्हणजे पास. तात्यांच्या चेहऱ्यावर "बघा" असं होतं. पण दहा मिनिटं चालवून पाहिलं तर आकडा १४ वरून फक्त १५.५ ला गेला. दहाव्या मिनिटाचा आकडा भागिले पहिल्या मिनिटाचा, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स, १.१. कोरडं इन्सुलेशन दहा मिनिटं करंट कमी-कमी पीत जातं, म्हणून आकडा चढत राहतो. आतून ओलं असेल तर गळतीच इतकी असते की चढ दिसतच नाही. एफ क्लास वाइंडिंगला किमान २ अपेक्षित. हँड मेगरने हे कळणं कठीण, कारण एकसारख्या वेगाने दहा मिनिटं हँडल कोण फिरवणार? लहान मोटरींत हा इंडेक्स फारसा उपयोगाचा नसतो, तिथे करंट पटकन बसतो. या मोटरीत मात्र तो बोलत होता.

पावसाळाभर मोटर थंड पडून होती आणि स्पेस हीटरचा एमसीबी कुणीतरी बंद करून ठेवलेला. तो चालू केला, शिवाय दोन्ही एंड कव्हरकडून हॅलोजनचे दिवे लावले. तीनेक तासांनी साहेबांनी स्वतःच मोजायला सांगितलं. ५ मेगोहम. ते चिडलेच. "अहो, १४ होतं ते ५ झालं! वाळवताय की भिजवताय?"

वाळवताना हे हमखास होतं. वाइंडिंग तापतं तसा रोध आधी खाली येतो. तापमान पीटी-१०० वर ५५ अंश दिसत होतं. म्हणजे ४० वर आणायला सुमारे २.८ ने गुणायचं, ५ चे १४ होतात. सकाळचा आकडा त्याच हिशेबाने ७ होता. दुप्पट झालं होतं, फक्त गरम असल्यामुळे दिसत नव्हतं. कागदावर दोन्ही ओळी मांडून दाखवल्यावर साहेब शांत झाले, तरी "रात्रभर ठेवा, पण पूजेच्या आत द्या," एवढं बजावून गेले.

सकाळी हीटर बंद करून मोजलं. ५० अंशांवर पहिल्या मिनिटाला ६०, दहाव्या मिनिटाला १५०. इंडेक्स २.५, आणि ४० अंशांवर १२०. मेगर काढल्यावर वाइंडिंग अर्थला जोडून ठेवलं, आणि इथे तात्या लगेच केबल लावायला निघाले तेव्हा त्यांना परत बसवलं. दहा मिनिटं चार्ज केलेलं वाइंडिंग पूर्ण रिकामं व्हायला त्याच्या चौपट वेळ द्यायचा असतो. ती चाळीस मिनिटं चहात गेली.

एका गोष्टीत मात्र हे सगळे आकडे मुके होते. मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन पाहतो, एकाच फेजमधल्या वेढ्यावेढ्यांमधलं नाही. ड्राइव्हचे पल्स १८० मीटर केबलमधून जाऊन मोटरच्या टोकाशी आपटून परततात, तेव्हा तिथे व्होल्टेज डीसी बसच्या जवळजवळ दुपटीपर्यंत, म्हणजे ११०० च्या पुढे जाऊ शकतं, आणि तो मार पहिल्या वेढ्यांवर बसतो. स्टार-डेल्टावर पंधरा वर्षं निवांत चाललेली मोटर ड्राइव्हवर काही महिन्यांत जाते ती बहुधा अशी. म्हणून ड्राइव्हच्या आउटपुटला डीव्ही-डीटी फिल्टर हवा, असं मी रिपोर्टमध्ये रीडिंगच्या खालीच लिहिलं. साहेबांनी खर्चाचं नाव काढलं. मी कॅरिअर फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह देईल तितकी खाली आणली, म्हणजे दर सेकंदाला आपटणारे पल्स तरी कमी होतील, आणि फिल्टर येईपर्यंत तसंच ठेवायला सांगितलं.

दुपारी लग आवळले, ड्राइव्हने मोटर ओळखून घेण्यासाठीचा आयडी रन घेतला, फॅन १० हर्ट्झवर फिरवला. तात्यांनी मेगरचं झाकण लावण्याआधी गार्डचा स्क्रू फडक्याने पुसला आणि विचारलं, "ती बारीक तार तेवढी ठेवून जा की."