टीव्हीच्या दोन पायांमधलं अंतर कोणी सांगेल का?

रत्नागिरीतलं घर भाड्याचं, आणि भिंतीला ड्रिल लावायचं नाही असं घरमालकांनी आधीच बजावलेलं. म्हणजे ५५ इंची टीव्ही युनिटवरच उभा राहणार. टीव्ही पटकन पसंत पडला, युनिटने मात्र जीव खाल्ला.

आवडलेलं युनिट १०० सेंमी रुंद, त्यावर पाटी: '५५ इंचापर्यंत चालेल'. अहो, ५५ इंच हा पडद्याचा कर्ण! आमच्या टीव्हीची रुंदी १२३ सेंमी. टीव्ही दोन्हीकडून थोडा बाहेर आला तर दिसायला वाईट, बाकी काही बिघडत नाही. पण हल्ली बऱ्याच मोठ्या टीव्हींना मधोमध स्टँड नसून दोन टोकांना दोन पाय असतात, आणि ते फळीवर पूर्ण टेकलेच पाहिजेत.

मग त्या पायांमधलं अंतर किती? शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, स्टँडर्डच असतं." मोजायला टेप घेऊन गेले, तर सगळे टीव्ही भिंतीला टांगलेले आणि पाय खोक्यात बंद. हेल्पलाइनवर एचडीएमआय पोर्ट किती, हे न विचारता सांगितलं. अंतर विचारलं की एकच उत्तर, "टेक्निशियन आल्यावर बघेल." तो येणार टीव्ही घरी आल्यावर, तोवर युनिट घेऊन झालेलं! शेवटी मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल उतरवलं. त्यातल्या आकृतीत होतं: बाहेरून बाहेर १०४ सेंमी, पायाची खोली २६ सेंमी. चार सेंमीने ते युनिट बाद. (काही मॉडेलना पाय आत बसवायची दुसरी जागा असते, आमच्याला नव्हती.)

वजनाचा बाऊ झाला नाही. टीव्ही पायांसकट १६ किलो, फळीची क्षमता ३० किलो. पण हा आकडा बहुधा वजन सारखं पसरलेलं धरून देतात. टोकाच्या पायांचा भार बाजूच्या उभ्या फळ्यांजवळ पडतो, ते बरं. मधल्या स्टँडचा भार मात्र फळीच्या पोटावर येतो आणि पार्टिकल बोर्ड हळूहळू खाली झुकतो. तुमचा तसा असेल तर मधे आधार असलेलंच युनिट बघा. फळीवर दोरी ताणून धरली की झोल लगेच कळतो.

शिवाय पार्टिकल बोर्डची कड उघडी असेल तर फरशी पुसतानाचं पाणी आणि कोकणातली पावसाळी दमट हवा यांनी ती फुगते. मी सुताराकडून १८ मिमी प्लायचं १३५ सेंमीचं युनिट करून घेतलं. त्याचे लोखंडी पाय टोकाजवळ लावायला सांगितले. पाय फार आत असले तर टोकावर मूल लोंबकळल्यावर युनिट उलटू शकतं.

आणि हो, खोली ४० सेंमी ठेवली, मागे वायरी राहतात. टीव्हीच्या मागच्या स्क्रूच्या भोकांतून पट्टा घेऊन तो युनिटच्या पाठीलाच आवळलाय. घरमालकांच्या भिंतीला धक्काही नाही!