पहिली ओळ

रविवार, रात्र

शिल्पाने आज फोन पुढे केला आणि म्हणाली, "बघ तुझा मेल कसा दिसतो." सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, संशोधन करणाऱ्या मॅडमना ऑगस्टमध्ये पाठवला तेव्हा तिलाही एक प्रत पाठवली होती. तिने तो अजून उघडलाच नव्हता. यादीत माझं नाव होतं, खाली विषय "मार्गदर्शन मिळणेबाबत", आणि त्याखाली फिकट अक्षरांत: "आदरणीय मॅडम, सर्वप्रथम आपणांस सादर नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका…"

पुढे तीन टिंबं.

तेव्हापासून काही सुचत नाहीये. त्या एका मेलवर मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या. सडा, फुलं नोंदवायला दोरीने आखलेल्या चौकटी, चिरेखाण, दोन पावसाळ्यांची मोजणी, सगळं आत आहे, पण ते टिंबांच्या पलीकडे. मॅडमनी तो मेल वाचून बाजूला ठेवला असं मी अडीच महिने धरून चाललेय. कदाचित त्यांना फक्त एवढंच दिसलं असेल की राजापूरकडच्या कुणालातरी काहीतरी हवंय.

मुळात मी कोण त्यांना लिहिणारी? तासिका तत्त्वावर शिकवते, एप्रिलनंतर तेही… जाऊ दे. त्यांनी आयुष्यभर सड्यांवर काम केलंय, आणि माझ्याकडे आहेत बारा चौकटी. हे "मी कोण" मनातून जात नाही, म्हणून प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत मी आधी तेच सांगत बसते. नाव, गाव, कॉलेज, शिक्षण. ओळख दिली की आत यायला परवानगी मिळेल असं वाटतं बहुतेक.

दुपारी नवी ओळ लिहिली: "आपल्या संशोधनाची मी अनेक वर्षांपासून चाहती आहे." लगेच खोडली. मी त्यांचे दोनच लेख नीट वाचलेत. शिवाय त्यांचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी ही ओळ तशीच चालेल. त्यांच्याकडे अशा ओळी रोज येत असणार.

मग रागाच्या भरात दुसरी लिहिली: "मातीच्या जाडीबद्दलचा आपला निष्कर्ष आमच्या सड्यावर लागू पडत नाही." वाचताना अंगावर काटा आला. त्यांचं काम घाटमाथ्यावरचं, कासच्या बाजूचं, बाराशे मीटरवरचं. आमचा सडा शंभरेक मीटरवर, तिथून खाडी दिसते. दगड दोन्हीकडे जांभाच, पण ऊन, वारा, पाऊस वेगळा. सड्यावर माती बोटभरसुद्धा नसते. ती किती जाड आणि तिच्यात पाणी किती दिवस टिकतं, यावर कुठे काय उगवणार ते ठरतं, हे मी त्यांच्याच लेखातून शिकले. त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही. एक गोष्ट जुळत नाही, एवढंच आहे.

ती गोष्ट अशी. बारापैकी चार चौकटी चिरेखाणीच्या काठाला आहेत, आठ आत, मोकळ्या सड्यावर. प्रत्येक चौकट एक मीटर बाय एक मीटर. सळी खुपसून पाहिलं तर माती सगळीकडे साधारण तीन सेंटिमीटर. तरीही काठावरच्या चौकटींत गेंदाची ती पांढऱ्या गोंड्यांची रोपं दोन्ही वर्षं आधी फुलली आणि आधी वाळली. खाणीचा कडा उभा कापलेला आहे, तिकडून पाणी लवकर निघून जात असेल असं मला वाटतं. पण पाणी मी मोजलेलं नाही.

संध्याकाळी आते ओटीवर वाल सोलत होती. मी मघापासून एकच ओळ लिहितेय हे तिने पाहिलं होतं. विचारलंन, "काय गो, कोणाक एवढा लिवतंस?" मी सांगितलं, ओळख नाही अशा मोठ्या बाईंना, आणि सुरुवात कशी करू ते कळत नाही. ती म्हणाली, "गुरां आगरात शिरली तर माणूस काय हाक मारता? गुरां शिरली गो आगरात! आपला नाव सांगत बसता काय?" आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

मी तिथेच बसून राहिले. खरंच, आमच्या वाडीत अशी हाक आली की आधी कुणी "तू कोण" विचारत नाही. सगळे आगराकडे धावतात. कोण ओरडलं ते नंतर कळतं.

मग तशी ओळ लिहून पाहिली: "मातीची जाडी सारखी असूनही चिरेखाणीच्या काठावरच्या चार चौकटींमध्ये सलग दोन वर्षं गेंद आतल्या चौकटींपेक्षा दहा दिवस आधी फुलल्याचं आढळलं." शिल्पाला पाठवली. तिच्या यादीत दिसलं: "मातीची जाडी सारखी असूनही चिरेखाणीच्या काठावरच्या चार…" आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि काय झालं ते त्याच्यातच असतं. वाक्य लांबलं की नेमकं तेच कापलं जातं. म्हणजे पहिलं वाक्य आखूडच हवं. जाडीबिडी दुसऱ्या वाक्यात.

"चिरेखाणीच्या काठावरचा गेंद दहा दिवस आधी फुलतोय."

हे पूर्ण दिसलं. छान वाटलं, पण "दहा दिवस" खटकलं. मी सड्यावर जाते फक्त रविवारी. सात दिवसांनी एकदा बघणारीला दहा दिवसांचा फरक कुठून कळणार? एका रविवारी काठावर फुलं होती आणि आत नव्हती, आत दिसली ती कधी पुढच्या रविवारी, कधी त्याच्या पुढच्या. यापलीकडे मला माहीत नाही. दर आठवड्याची नोंद आणि दहा दिवस हे दोन्ही एकाच मेलमध्ये वाचून मॅडमनी तिथेच ओळखलं असतं. "एक-दोन आठवडे" केलं. गेंदाची जातही अजून नक्की नाही. गेंद एकमेकांसारखे दिसतात, बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही. ते मेलमध्ये खाली लिहिलं, लपवलं नाही.

आता असं झालंय:

"नमस्कार मॅडम, चिरेखाणीच्या काठावरचा गेंद एक-दोन आठवडे आधी फुलतोय. माती आतल्या चौकटींइतकीच जाड आहे, त्यामुळे आपल्या लेखातल्या मांडणीत हे मला बसवता येत नाहीये. चौकटीत पाणी किती दिवस टिकतं हे एकटीने मोजायची साधी पद्धत आपण सुचवाल का?"

मग कॉलेज, तालुका, नाव. विषयाच्या जागी "मार्गदर्शन" काढून "जांभ्या सड्यावरचा गेंद: एक प्रश्न" लिहिलं. मार्गदर्शन मागितलं की कशाबद्दल ते शोधायचं काम त्यांच्यावर पडतं. या प्रश्नाचं उत्तर त्या दोन ओळींत देऊ शकतील.

पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, पहिल्या ओळीत "मी" कुठेच नाही. त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. दोन वर्षं दर रविवारी तिथे वाकून कुणीतरी बघितल्याशिवाय ती ओळ लिहिता येत नाही, आणि हे मॅडमना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तरी उत्तर येईलच असं नाही. ऑगस्टमध्ये पाठवला हीसुद्धा माझीच चूक, तेव्हा सड्यांवर काम करणारं माणूस घरी कुठे असतं? आता पाऊस संपलाय. दोन-तीन आठवडे वाट बघेन, मग त्याच मेलखाली एकदा आठवण करीन. त्यानंतर नाही.

सोमवार, सकाळ

घरात रेंज नव्हती म्हणून सड्यावर चढले. गवत पिवळं पडलंय, दव होतं. खाणीच्या काठावर उभी राहून पाठवला. तिसऱ्या चौकटीची दोरी गुरांनी तुडवून सोडवली होती, ती परत बांधली आणि पहिल्या तासाला कॉलेजात गेले.