पंच्याण्णव हजारांची ई-मेल

पुण्यातील एका वाहन-सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरभरतीचे काम पाहते. उमेदवाराला जो पगाराचा आकडा प्रथम सांगितला जातो, तो बहुतेक वेळा त्या जागेसाठी मंजूर झालेल्या रकमेपेक्षा कमी असतो, हे या खात्याबाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. 2023 मध्ये एका टेस्टिंग इंजिनिअरच्या जागेसाठी आमच्याकडे पावणेचौदा लाख मंजूर होते आणि मी निवड झालेल्या मुलीला फोनवर साडेबारा लाख सांगितले.

तिला तेव्हा वर्षाला दहा लाख वीस हजार मिळत होते, म्हणजे कागदावर ही साडेबावीस टक्क्यांची वाढ होती. अशा वेळी लोक एक तर आनंदाने लगेच "हो" म्हणतात, नाहीतर "थोडे वाढवता येईल का, मॅडम?" असे काहीतरी मोघम विचारतात आणि त्या मोघमपणाला मोघम नकार देणे मला फारच सोपे जाते. तिने आभार मानले, काम आवडल्याचे सांगितले आणि पगाराची पूर्ण फोड लेखी मागून दोन दिवसांची मुदत घेतली.

तिसऱ्या दिवशी तिची ई-मेल आली. साडेबारा लाखांतील सव्वा लाख व्हेरिएबल होते, म्हणजे कंपनीच्या आणि तिच्या कामगिरीवर अवलंबून, वर्षअखेरीस मिळाले तर मिळणार. आणखी एक लाख कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि विमा यांत जात होते. त्यांतली ग्रॅच्युइटी तर पाच वर्षे टिकल्याशिवाय हातात येणार नव्हती. उरलेल्या सव्वादहा लाखांचे महिन्याला 85,417 रुपये होत होते. तिच्या जुन्या पगारात व्हेरिएबल नव्हते आणि पीएफचा वाटा वगळून तिला कर व कपातींपूर्वी महिन्याला 80,000 मिळतच होते. साडेबावीस टक्क्यांची वाढ अशी सात टक्क्यांच्याही आत आली होती. हे सारे तिने कुठेही तक्रारीचा सूर न लावता चार ओळींत मांडले होते आणि शेवटी लिहिले होते की महिन्याचा निश्चित पगार पंच्याण्णव हजार झाला तर मी त्याच दिवशी सही करून पाठवीन.

माझ्या अधिकारात पाच टक्के, म्हणजे सुमारे तेरा लाख बारा हजारांपर्यंतच जाणे होते. तिच्या मागणीचा हिशेब साडेतेरा लाखांच्या पुढे जात होता. त्यासाठी विभागप्रमुख आणि वेतनरचना पाहणारे सहकारी या दोघांची मंजुरी लागते आणि त्यांच्यापैकी एकाशीही उमेदवार कधी बोलत नाही. मी तिची ई-मेल एक शब्दही न बदलता पुढे पाठवली. दुसऱ्या कंपनीच्या ऑफरची धमकी त्यात असती, तर ती मला सौम्य करून सांगावी लागली असती आणि तसे सांगताना माझा स्वतःचाही उत्साह कमी होतो.

विभागप्रमुख लगेच तयार झाले. वेतनरचनेच्या सहकाऱ्यांनी मात्र त्या संघातील त्याच पातळीवरचा सर्वाधिक पगार सव्वातेरा लाख असल्याचे दाखवले. त्यावर नवी व्यक्ती आणली तर जुन्यांना काय सांगायचे? त्यांचे बरोबर होते, पण जुन्यांची काळजी त्यांना नवीन माणूस मागणी करतो तेव्हाच आठवते. शेवटी साठ हजार विशेष भत्त्यात वाढवून एकूण रक्कम तेरा लाख दहा हजार झाली आणि पहिल्या पगारासोबत साठ हजारांचा जॉइनिंग बोनस ठरला. महिन्याचा निश्चित पगार 90,417 झाला. बोनस धरला तर पहिल्या वर्षापुरते तिचे पंच्याण्णव हजार भरत होते.

तिने एवढेच विचारले की वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास बोनस पूर्ण परत करायचा की उरलेल्या महिन्यांपुरता. आमच्या ठरीव मसुद्यात तो पूर्ण परत करायचा असे होते. महिन्यांच्या प्रमाणात परतफेड, असे वाक्य बदलून घेऊन सुधारित पत्र हातात आल्यावर तिने सही केली आणि मगच जुन्या कंपनीत राजीनामा दिला. त्याच महिन्यात दुसऱ्या एका उमेदवाराने सही केल्यानंतर दोनदा आकडा वाढवून मागितला. त्याची रुजू होण्याची तारीख पुढे ढकलण्याचा प्रश्न आला, तेव्हा विभागाने ती वाढवलीच नाही आणि ऑफर संपली.

तिच्या आदल्या आठवड्यात, तेवढ्याच अनुभवाचा एक मुलगा त्याच संघात रुजू झाला होता. त्याला मी अकरा लाख ऐंशी हजार सांगितले होते आणि तो फोनवरच "हो" म्हणाला होता. दोघे शेजारशेजारी बसतात. पुढच्या वार्षिक वाढीच्या वेळी त्याचे नाव मी स्वतःहून वेतनरचनेकडे पाठवले, तेव्हा उत्तर आले की त्याने काही मागितले आहे का. त्याने काहीही मागितले नव्हते.