आमची वाटचाल: ३०० नगांची पहिली ऑर्डर

पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारं छोटं उपकरण हे आमचं पहिलं उत्पादन. आतलं सर्किट आम्हीच बनवत होतो. बाहेरच्या प्लास्टिकच्या डबीसाठी मात्र वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून नग काढणारा मोल्डिंगवाला लागणार होता, आणि ५,००० नगांच्या खाली कुणी बोलायला तयार नव्हतं. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. साचा मशीनवर चढवायचा, आधीचा प्लास्टिकचा दाणा नि रंग काढून मशीन साफ करायची, तापमान आणि दाब जुळेपर्यंत निघालेले नग बाजूला टाकायचे. ३०० नग काढा की ५,०००, ही मेहनत तेवढीच.

म्हणून आम्ही दर कमी करायला सांगितलंच नाही. या तयारीचा, म्हणजे सेटिंगचा खर्च वेगळा देतो, म्हणालो. तो नगाच्या दरात मिसळू नका, आणि सहा महिन्यांत १,००० नगांची ऑर्डर आली तर त्यातून वळता करा. ३००, १,००० आणि ५,००० नगांचे दर त्याच कागदावर लिहून घेतले. मोठ्या ऑर्डरचं वचन दिलं नाही. ३०० पैकी किती विकले गेले आणि किती परत आले, हे पाहून अमुक तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवू, एवढंच लिहिलं. मला वाटतं, कारखानदाराला फुगवलेल्या आकड्यापेक्षा ही तारीख जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यावरून त्याला मशीनचं वेळापत्रक आखता येतं. साचा ॲल्युमिनियमचा ठरला. पोलादी साच्याइतका तो टिकत नाही, पण स्वस्त पडतो आणि लवकर तयार होतो. पैसे आमचे, म्हणून मालकीही आमची, हेसुद्धा लेखी घेतलं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती खराब नगांवर. नग आमच्या ड्रॉइंगप्रमाणे नसेल, तर तो कारखान्याने बदलून द्यायचा. ड्रॉइंगप्रमाणे असूनही काम देत नसेल, तर खर्च आमचा. दोघांनी सही केलेला एक नमुना त्यांच्याकडे आणि एक आमच्याकडे राहिला. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले तपासणीनंतर.

खराब नगांची अट लगेच कामी आली. पहिल्या खेपेत काही झाकणांचा एक कोपरा वर उचललेला होता. झाकण सपाट काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेजची ठरावीक जाडीची पातळ पट्टी सरकवली की फट कळायची, आणि ती ड्रॉइंगमधल्या मर्यादेबाहेर होती. नग साच्यातून गरम असतानाच बाहेर येत होते. कारखान्याने थंड होण्याचा वेळ वाढवला आणि वाकडी झाकणं बदलून दिली. स्क्रूच्या खांबांमागे पृष्ठभागावर हलके खड्डे पडले होते, कारण तिथे प्लास्टिक जाड होतं आणि ते आकसत होतं. तशी जाडी ड्रॉइंगमध्येच होती, त्यामुळे साच्यातला बदल आमच्या खर्चाने झाला. वाद कुठेच झाला नाही.

ठरल्या तारखेच्या आत आम्ही १,००० नगांची ऑर्डर दिली आणि सेटिंगची रक्कम बिलातून वजा झाली. ५,००० चा दर अजून त्या कागदावर आहे. तिथे पोहोचलो की साचा पोलादाचा करायचा विचार आहे, आणि त्याचं कोटेशन आम्ही आत्ताच मागवलं आहे.