क्रिएटिन आणि अश्वगंधा: बारा आठवड्यांची वही

कोथरूडच्या आमच्या जिममध्ये सध्या 'स्टॅक'चं खूळ आहे. एकाच डब्यात क्रिएटिन आणि अश्वगंधा, रोज एक स्कूप. डब्याची मागची बाजू वाचली तर स्कूपमध्ये क्रिएटिन फक्त दीड ग्रॅम. अभ्यासांतला रोजचा डोस 3 ते 5 ग्रॅम. मग दोन्ही सुटंच आणलं. शिवाय दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं असतं तर श्रेय कोणाला द्यायचं? म्हणून पहिले सहा आठवडे फक्त क्रिएटिन.

आठवडे 1 ते 6: क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज 5 ग्रॅम, लोडिंग म्हणजे सुरुवातीचे काही दिवस जास्त डोस, तो नाही. लोडिंगने स्नायूंतला साठा आठवड्यात भरतो, नाहीतर तीन-चार आठवडे लागतात. मला घाई नव्हती. गार पाण्यात ते तळाशी वाळूसारखं बसतं, त्यामुळे कोमट पाण्यात. चौथ्या आठवड्यात वजन 71 वरून 72.3 झालं. ते बहुतेक स्नायूंनी धरलेलं पाणी, उगाच छाती फुगवायला नको. पण बेंचवर 60 किलोचे 8 रेप्स होते, ते 10 झाले. आहारातलं क्रिएटिन मुख्यतः मांस-मासळीतून येतं आणि मी शाकाहारी, म्हणजे साठा मुळातच कमी असणार.

मध्येच घाबरगुंडी. वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम ज्यावरून जोखतात तो रक्तातला आकडा, 1.0 वरून 1.3, रिपोर्टवर बाण. आईने तर डबा फेकायलाच काढला. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "पावडर घेता का?" क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही आकडा वर जाऊ शकतो. किडनीचीच दुसरी रक्ततपासणी, सिस्टॅटिन सी, करून घेतली, ती नॉर्मल आली. तपासणीआधी डॉक्टरांना सांगून टाका, एवढी धावपळ वाचते.

आठवडे 7 ते 12: क्रिएटिन चालूच, वर अश्वगंधेच्या मुळाचा प्रमाणित अर्क, 300 मिलिग्रॅम दोनदा. आजी दुधात घालायची ते चूर्ण वेगळं, त्याचे आकडे इथे लागू होत नाहीत. जिममध्ये सगळे 2015 चा अभ्यास तोंडावर फेकतात: 57 पुरुष, आठ आठवडे, बेंच अश्वगंधेवाल्यांचा 46 किलोने वाढला, बाकीच्यांचा 26 ने. आता नुसत्या व्यायामावर ज्यांचा बेंच आठ आठवड्यांत 26 किलोने वाढतो ते नवखेच असणार, आणि तसे ते होतेच. चार वर्षं घासणाऱ्याला तो आकडा लावायचा नाही. ताण आणि झोप यांबाबतचे छोटे अभ्यास थोडे आशादायक आहेत. क्रिएटिनमागे मात्र दशकांचं काम उभं आहे.

माझी नोंद: 10 चे 11 रेप्स. तो एक रेप अश्वगंधेचा की सरावाचा, वही सांगत नाही. झोप बरी लागली, पण त्याच दिवसांत रात्रीचा चहाही सोडला होता.

सोबतचा एक जण थायरॉइडची गोळी घेतो, त्याला मी अडवलं. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी बदलू शकते, आधी डॉक्टरांना विचारलं पाहिजे. यकृताला इजा झाल्याच्याही विरळ नोंदी आहेत. अंगाला खाज, लघवी गडद, डोळे पिवळे, यांतलं काही दिसलं की लगेच बंद करून डॉक्टर गाठायचा.

सोमवारपासून अश्वगंधा बंद, क्रिएटिन 5 ग्रॅम चालू. चार आठवड्यांनी 11 चे 10 होतात का ते बघतो.