गुणांचा रकाना दहा-दहाच्या ओळींत: कोष्टक आता रोल नंबर ओळखतं

आमच्या वहिनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत वर्गशिक्षिका आहेत. घटक चाचणीचे गुण त्या रोल नंबरच्या क्रमाने एकाखाली एक टाइप करतात. सातवीच्या एका तुकडीची फाइल आली की एक्सेलमध्ये 66 ओळींचा उभा रकाना दिसतो. छापला तर दुसऱ्या पानावर जातो. रजिस्टरमध्ये उतरवताना एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, त्यात नजर एक ओळ खाली-वर सरकली की पुढचं सगळं चुकतं. म्हणून हाच रकाना दहा-दहाच्या ओळींत बसवायचा, हे काम सध्या हातात घेतलंय. असं कोष्टक अर्ध्या पानात मावतं, आणि 43 नंबर शोधायचा तर पाचव्या ओळीत तिसरं घर, एवढं पुरतं.

शाळेच्या कॉम्प्युटरवर एक्सेल 2016 आहे. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये `WRAPROWS` नावाचं फंक्शन आणलं, ते नेमकं हेच काम करतं. पण ते 365 आणि 2024 मध्येच चालतं. गुगल शीट्समध्येही ते आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांना एवढं पुरेल:

```
=WRAPROWS(B2:B67,10,"")
```

एका घरात लिहिलं की सगळं कोष्टक आपोआप पसरतं, आणि शेवटच्या ओळीत उरलेली घरं कोरी राहतात. तिसरा भाग दिला नाही तर तिथे `#N/A` दिसतं. पसरायच्या जागेत आधीच काही लिहिलेलं असेल तर एक्सेल `#SPILL!` दाखवतं. पण वहिनींच्या कामासाठी मी याच्यावर थांबलो नाही, कारण फक्त 2016 हे नाही. हे फंक्शन रकान्यातला क्रम पाहतं, रोल नंबर पाहत नाही. खरा घोळ तिथेच आहे.

आधी मांडणी सांगतो, मग घोळ. A रकान्यात रोल नंबर, B मध्ये गुण, पहिली ओळ मथळ्याची. कोष्टकासाठी E1 पासून N1 पर्यंत 1 ते 10 आकडे लिहिले. D2 पासून D8 पर्यंत 0, 10, 20 असं 60 पर्यंत लिहिलं. म्हणजे कुठल्याही घराचा नंबर हवा असेल तर त्याच्या डावीकडचा आणि डोक्यावरचा आकडा मिळवायचा. चाळीस आणि तीन, त्रेचाळीस. पहिलं सूत्र त्यावरून सहज निघतं:

```
=INDEX($B$2:$B$67,$D2+E$1)
```

हे E2 मध्ये लिहून उजवीकडे N पर्यंत आणि खाली आठव्या ओळीपर्यंत ओढायचं. डॉलरची चिन्हं नीट बघा: `$D2` मध्ये रकाना पक्का आहे आणि ओळ मोकळी, `E$1` मध्ये त्याच्या उलट. बऱ्याच ठिकाणी हेच काम `ROW()` आणि `COLUMN()` वापरून, त्यातून एक वजा करून दाखवतात. तेही चालतं, पण वर शाळेच्या नावासाठी एक ओळ घातली की `ROW()` चा आकडा बदलतो आणि सगळं कोष्टक दहा घरं पुढे जातं. कडेला लिहिलेले आकडे कोष्टकाबरोबरच सरकतात, म्हणून ते सुरक्षित. शिवाय छापल्यावर वाचणाऱ्यालाही तेच आकडे उपयोगी पडतात.

आता घोळ. या तुकडीत रोल नंबर 67 पर्यंत आहेत, पण 19 नंबरच्या मुलाने दाखला काढलाय. त्याची ओळच यादीत नाही, म्हणून ओळी 66. वरचं सूत्र एकोणिसाव्या घरात रकान्यातली एकोणिसावी नोंद आणतं आणि ती आहे 20 नंबरची. दोन ओळी जवळून बघा. 11 ते 20 आणि 21 ते 30 या नंबरांचे खरे गुण असे, 19 च्या जागी रेघ आणि गैरहजर मुलासाठी गै:

```
12 15  8 19 14 10 11 13  – 17
 6 14 गै 18 11  9 16 13 20 12
```

आणि सूत्राने जे मांडलं ते असं (31 नंबरला 15 गुण आहेत):

```
12 15  8 19 14 10 11 13 17  6
14 गै 18 11  9 16 13 20 12 15
```

20 नंबरला 17 गुण आहेत, पण त्याच्या घरात 6 आले. 22 नंबरने 14 मिळवलेत आणि कोष्टकात तो गैरहजर दिसतोय, तर जो 23 नंबर आलाच नव्हता त्याला 18 गुण मिळाले. आकडे सगळे खरे आहेत, एकही गळलेला नाही, म्हणून वरवर पाहून काहीच खटकत नाही. बेरीजही जुळते. ओळखायची एक खूण मात्र आहे. कोष्टकात 70 घरं, नंबर 67 पर्यंत, म्हणजे शेवटी तीनच घरांत `#REF!` यायला हवं. इथे चार घरांत येतं, 67 नंबरचं घरसुद्धा एररमध्ये जातं.

उपाय म्हणजे कितवी ओळ हे विचारायचंच नाही, नंबर शोधून आणायचा:

```
=IFERROR(INDEX($B$2:$B$67,MATCH($D2+E$1,$A$2:$A$67,0)),"–")
```

`MATCH` हा A रकान्यात तो रोल नंबर शोधतो. शेवटचा शून्य म्हणजे अगदी तोच नंबर हवा, जवळचा चालणार नाही. तो शून्य कधीही गाळू नका. नंबर सापडला नाही की `IFERROR` रेघ ओढतो. 19 च्या घरात रेघ, 68 ते 70 मध्येही रेघ, बाकी सगळे आपापल्या जागी. यादी वर-खाली झाली, कोणी गुणांनुसार लावून ठेवली, तरी कोष्टक ढळत नाही. हे जमलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण आता प्रत्येक घराची ओळख त्याच्या नंबरवरून ठरते.

दुसरा प्रश्न कोऱ्या घरांचा. वहिनींच्या मूळ फाइलमध्ये गैरहजर मुलांपुढे काहीच लिहिलेलं नसायचं. `INDEX` कोरं घर आणतो तेव्हा 0 दाखवतो, आणि `WRAPROWS` सुद्धा तेच करतो. या तुकडीत 23 आणि 58 गैरहजर होते, आणि 41 नंबरला खरोखरच 20 पैकी 0 मिळाले होते. कोष्टकात तिघेही सारखेच दिसले असते. सरासरीवरही परिणाम होतो: बेरीज 858, हजर 64, म्हणून सरासरी 13.4. ते दोन शून्य धरले तर भागाकार 66 ने होतो आणि सरासरी बरोबर 13 येते.

कोऱ्या घरासाठी सूत्रात `IF` घालता येतो, पण सूत्र दुप्पट लांब होतं आणि सहा महिन्यांनी कोणाला वाचता येत नाही. मला मुळातच दुरुस्त करणं पटतं. B2:B67 निवडायचं, Ctrl+G, मग Special, त्यात Blanks, OK. फक्त कोरी घरं निवडली जातात. लगेच गै टाइप करून Ctrl+Enter दाबलं की सगळ्यांत एकदम भरलं जातं. `AVERAGE` अक्षरं मोजत नाही, त्यामुळे सरासरी आपोआप बरोबर येते. वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, हजेरीपटावर आम्ही तसंच लिहितो की ओ, मग इथं का नको?’’ आता त्या टाइप करतानाच गै लिहितात.

आता पडताळणी. बेरीज फक्त काही गळलं नाही एवढंच सांगते, जागा बदलल्याचं सांगत नाही. म्हणून प्रत्येक गुणाला त्याच्या रोल नंबरने गुणून बेरीज घ्यायची, एकदा रकान्यावर आणि एकदा कोष्टकावर:

```
=SUMPRODUCT(A2:A67,B2:B67)
=SUMPRODUCT(D2:D8+E1:N1,E2:N8)
```

दुसऱ्यात D आणि पहिल्या ओळीची बेरीज म्हणजेच प्रत्येक घराचा नंबर. मध्ये स्वल्पविरामच ठेवायचा. गुणाकाराचं चिन्ह टाकलं तर गै आणि रेघेमुळे `#VALUE!` येतं, स्वल्पविरामाने अक्षरं शून्य धरली जातात. दोन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. मुद्दाम जुनं क्रमाचं सूत्र, `#REF!` झाकून, लावून पाहिलं तेव्हा फरक 617 आला. पहिल्या 18 मुलांचे गुण 241 आहेत, 858 मधून ते वजा केले की 617. म्हणजे 20 पासून पुढचे सगळे जण एकेक घर मागे सरकलेत, हे फरकावरूनच वाचता येतं.

याने सगळंच पकडलं जातं असं नाही. रकान्यातच एकाचे गुण दुसऱ्यापुढे टाइप झाले असतील तर कोष्टक तीच चूक इमानदारीने मांडणार. नंबर दोनदा लिहिला गेला, समजा 35 च्या जागी परत 34, तर `MATCH` पहिला 34 घेतो आणि 35 वर रेघ येते. इथे दोन बेरजा जुळत नाहीत, आणि रेघ कुठे ते बघितलं की कारणही कळतं. म्हणून छापण्याआधी रेघा मोजून त्या दाखला काढलेल्यांच्या यादीशी ताडून बघायच्या. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेले काही आकडे अक्षरं म्हणून येतात, घरात डाव्या कडेला चिकटून दिसतात. `COUNT` 64 च्या खाली आला की तेच शोधायचे.

पुढचं काम रंगांचं. 20 पैकी 7, म्हणजे 35 टक्क्यांच्या खाली असलेली घरं हलक्या पिवळ्या रंगात हवीत, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगसाठी नियम तयार आहे: `=AND(ISNUMBER(E2),E2<7)`. यात 41 नंबरचा खरा शून्य रंगतो, गै आणि रेघ कोरे राहतात. शाळेचा प्रिंटर काळा-पांढराच आहे, त्यामुळे पिवळ्याऐवजी ठळक अक्षरं आणि जाड चौकट करून पाहतोय. त्यानंतर दुसऱ्या तुकडीची यादी, जिच्यात चार नंबर रिकामे आहेत.